नोटिशीत होते, सभेत आले नाहीत

गोव्यातल्या गृहनिर्माण सोसायटीच्या व्यवस्थापन समितीची सभा बहुधा रविवारी सकाळी भरते आणि बारा वाजून गेले की कोणी खुर्चीत थांबत नाही. घरी जेवणाची वेळ झालेली असते, कोणाला बाजार गाठायचा असतो. विषयपत्रिका मात्र दीड तासात मावेल अशी क्वचितच असते. नऊ विषय छापलेले, त्यांतले सहा-सात होतात. संध्याकाळी गोषवारा लिहायला बसलेल्या माणसापुढे मग प्रश्न येतो, की जे विषय झालेच नाहीत त्यांचा वेगळा परिच्छेद करायचा की त्यांना सरळ वगळायचे?

इथे गोषवारा आणि इतिवृत्त वेगळे धरले आहेत. इतिवृत्त वहीत जाते, पुढच्या सभेत वाचून कायम होते, त्यावर अध्यक्षांची सही होते. ते कसे असावे हे उपविधी आणि सोसायटीची जुनी रीत ठरवते. गोषवारा म्हणजे दुसऱ्या दिवशी ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर सगळ्या सभासदांना जाणारे एक पान. बहुतेक लोक तेवढेच वाचतात, त्यामुळे ते जपून लिहावे लागते.

जुन्या सचिवांचे यावर साधे मत असते: सभेत जे झाले ते लिहायचे, जे झाले नाही ते लिहायचे कारण काय? इतिवृत्तापुरते हे बरोबर आहे. पण गोषवारा वाचणारा माणूस रिकाम्या मनाने वाचत नसतो. आठवड्यापूर्वी त्याच्या दारात किंवा फोनवर नोटीस आलेली असते आणि त्यातला एखादा विषय त्याच्या कामाचा असतो. गोषवाऱ्यात तो विषय दिसला नाही, तर त्याच्या मनात तीन शक्यता येतात. विषय झाला आणि नाकारला गेला, विषय झाला पण लिहायचा राहिला, किंवा विषय निघालाच नाही. कोणती खरी हे त्या पानावरून कळायला वाव नसतो. मग तो सेक्रेटरीला फोन करतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला विचारतो.

म्हणून माझ्या मते पहिली कसोटी नोटिशीची आहे. विषयपत्रिका सभेआधी कोणाला पाठवली होती का? पाठवली असेल आणि गोषवारा त्याच लोकांना जाणार असेल, तर न झालेल्या विषयांची नोंद हवी. चार जणांनी चहाच्या टेबलावर कागदाच्या मागे पाच मुद्दे खरडले आणि त्यांतले दोन राहिले, तर ते मुद्दे कोणी वाचलेलेच नसतात. ते गोषवाऱ्यात आणले तर वाचणाऱ्याला नसलेली उणीव दिसू लागते. अशा वेळी ते लिहिणाऱ्याच्या डायरीत राहू द्यावेत.

ही कसोटी सोपी आहे. खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात, कारण ‘झाला नाही’ हे ठरवणे वाटते तितके सरळ नसते. एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, फोंड्याजवळची चोवीस फ्लॅटांची सोसायटी आहे. समितीत सात जण आहेत. सभा रविवार 18 मे रोजी साडेदहाला आणि पुढची सभा 22 जूनला. विषयपत्रिका अशी: 1) मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, 2) एप्रिलचा जमाखर्च, 3) गच्चीवर पत्रे घालण्याची कोटेशने, 4) लिफ्टचा देखभाल करार, 5) जिना आणि पार्किंगमधले दिवे, 6) फ्लॅट पर्यटकांना दिवसावर भाड्याने देण्याबाबत नियम, 7) आवारातल्या माडांवरचे नारळ आणि सुकी झावळे पावसापूर्वी उतरवणे, 8) थकबाकीदार सभासदांना नोटीस, 9) अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.

सभेत काय झाले? पहिला विषय पाच मिनिटांत आटोपला. दुसऱ्यात विजेचे बिल निघाले, बिल का वाढले यावर वाद झाला आणि त्या ओघात जिन्यातले जुने दिवे काढून एलईडी बसवायचे, पार्किंगला टायमर लावायचा आणि हे काम खजिनदारांनी करून घ्यायचे असे ठरले. तिसऱ्या विषयाने चाळीस मिनिटे खाल्ली. दोनच कोटेशने आली होती, म्हणून बुधवारपर्यंत तिसरे मागवून समितीच्या ग्रुपवर टाकायचे ठरले. लिफ्टचा करार मंजूर झाला. पाचव्याला कोणी हात लावला नाही. सहावा वाचून दाखवताच अध्यक्ष म्हणाले, “ज्यांचे फ्लॅट भाड्यान आसात ते दोगूय आज येवंक ना, तें फुडल्या मिटींगेक घेवया.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात एकाने पाण्याच्या टाकीत किडे सापडल्याचे सांगितले आणि टाकी साफ करण्याचा विषय पंधरा मिनिटे चालला. बारा वाजले. लोक उठले.

आता कोणी विषयपत्रिका एका हातात आणि टिपणे दुसऱ्या हातात धरून क्रमांक जुळवत गेला, तर त्याला 5, 6, 7 आणि 8 हे चार विषय न झालेले दिसतील. प्रत्यक्षात न झालेले दोनच आहेत.

पाचवा झालेला आहे. तो दुसऱ्या क्रमांकाच्या पोटात झाला एवढेच. गोव्यात ही चूक जरा जास्त होते आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. विषयपत्रिका पुष्कळदा इंग्रजीत असते, सभेत बोलणे कोकणीत होते आणि कागद मराठीत किंवा पुन्हा इंग्रजीत लिहिला जातो. विषयाचे छापील नाव सभेत कोणाच्या तोंडी येतच नाही. म्हणून जुळवताना नाव शोधू नये, वस्तू शोधावी. दिवे, माड, टाकी, भाडेकरू यांतले काहीही, कोणत्याही विषयाखाली, कोणाच्याही तोंडून निघाले का, हे टिपणांत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावे. निघाले असेल तर निर्णय त्या विषयाच्या स्वतःच्या क्रमांकाखाली लिहावा आणि पुढे ‘विषय 2 मध्ये चर्चा’ एवढी खूण करावी. दिव्यांची वाट पाहणारा सभासद पाचवा क्रमांकच शोधणार आहे.

सहाव्याची गोष्ट वेगळी. तो पुकारला गेला, त्यावर एक वाक्य बोलले गेले आणि तो पुढच्या सभेवर टाकायचे ठरले. हा निर्णय आहे. त्याला कारण आहे, तारीख आहे आणि समितीची संमती आहे. तो निर्णयांतच गेला पाहिजे: ‘संबंधित दोन सभासद अनुपस्थित असल्यामुळे 22 जूनच्या सभेत घेण्याचे ठरले.’ तो न झालेल्यांच्या यादीत टाकला तर समितीने विचार करून केलेली गोष्ट हलगर्जीपणासारखी दिसते. उलटेही घडते आणि ते जास्त घातक. नुसता राहून गेलेला विषय ‘पुढे ढकलला’ असे लिहिले, तर समितीने न घेतलेला निर्णय लिहिणाऱ्याने घेतला असे होते.

माझ्या पाहण्यात लिहिणारे सगळ्यात जास्त इथेच घसरतात. ओळखायची खूण मात्र सोपी आहे: सभा चालू असताना कोणी तोंड उघडून त्या विषयाचे पुढे काय करायचे ते बोलले का? बोलले तर निर्णय, नाही तर राहिलेला. अर्धवट झालेला विषयही राहिलेला नव्हे. तिसऱ्या विषयात पत्रे घालायचे की नाही हे ठरले नाही, पण चाळीस मिनिटे चर्चा झाली आणि एक काम नेमले गेले. तो चर्चिलेल्यांतच राहील, स्थिती ‘अपूर्ण’ अशी.

मागे घेतलेला विषय आणखी निराळा. ज्याने तो दिला होता त्यानेच सभेत सांगितले, की आता गरज नाही, तर ‘विषय मागे घेतला’ ही नोंद मुख्य भागात जाते आणि तिथेच संपते. तो राहिलेल्यांत घातला तर कोणीतरी तो जूनमध्ये पुन्हा छापतो.

म्हणजे आपल्या उदाहरणात यादी उरते ती सात आणि आठची. या दोन ओळी कशा लिहायच्या, यात या परिच्छेदाचे सगळे बरेवाईट आहे.

पहिला मोह कारण लिहिण्याचा. मराठी इतिवृत्तांत ‘वेळेअभावी’ हा शब्द इतक्या सहज पडतो, की तो सभेत कोणी उच्चारला होता का हे कोणी विचारत नाही. आपल्या सभेत तो कोणी उच्चारला नाही. लोक उठले एवढेच घडले. शिवाय टाकीचा ऐनवेळचा विषय सातव्या-आठव्याच्या आधी घेतला गेला होता, म्हणजे वेळ नव्हता असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. वेळ दुसरीकडे गेला. अशा वेळी कारण लिहू नये. टाकीचा विषय कधी घेतला ते मुख्य भागात क्रमाने आलेले असतेच. वाचणाऱ्याला त्यातून काय काढायचे ते तो काढेल. कारण लिहायचे ते फक्त सभेत सांगितले गेले असेल तेव्हा, आणि ज्याने सांगितले त्याच्या नावावर.

दुसरा मोह विषयाची बाजू मांडण्याचा. माडाची झावळे गाड्यांवर पडतात हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, त्याचीच गाडी तिथे उभी असते, आणि हात शिवशिवतात. सभेत न आलेल्या विषयावर एकही मत गोषवाऱ्यात येता कामा नये, कारण त्याला उत्तर द्यायची संधी कोणालाच मिळालेली नाही.

मग लिहायचे काय? विषयपत्रिकेतला क्रमांक, विषयाचे नाव जसे छापले होते तसेच, आणि विषयपत्रिकेतच एखादी मुदत असेल तर ती. सातव्याला मुदत आहे: ‘पावसापूर्वी’. गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो आणि पुढची सभा 22 जूनला आहे. म्हणजे हा विषय पुढच्या सभेची वाट पाहू शकत नाही. ओल्या माडावर पाडेली चढायला राजी होत नाही, आणि वादळी वाऱ्यात झावळ कधी आणि कुठे पडेल ते कोणी सांगू शकत नाही. न झालेल्या विषयांचा परिच्छेद खऱ्या अर्थाने कामाला येतो तो इथे. पुढच्या सभेची तारीख आणि विषयाची मुदत एका ओळीत शेजारी ठेवल्या, की अडचण कोणीही न बोलता दिसते.

पण ती दिसल्यावर लिहिणाऱ्याने काय करावे? गोषवाऱ्यात ‘सेक्रेटरी पाडेली बोलावतील’ असे लिहिणे त्याच्या हातात नाही. तसे कोणी ठरवलेले नाही. त्याने गोषवारा सगळ्यांना पाठवण्याआधी सेक्रेटरीला फोन करून एवढेच सांगावे, की सात नंबर राहिला आहे आणि तो 22 तारखेपर्यंत थांबणार नाही. सेक्रेटरी मग ग्रुपवर विचारतील, उपविधींत सोय असेल तर फिरत्या ठरावाने मंजुरी घेतील, किंवा किरकोळ खर्चाच्या आपल्या मर्यादेत काम उरकून पुढच्या सभेत कायम करून घेतील. त्यांनी जे ठरवले ते सभेनंतरचे म्हणून वेगळ्या ओळीत, तारखेसह जाईल. सभेच्या तोंडी घातले जाणार नाही. सभा संपल्यावर जिन्यात उभ्या उभ्या चौघांचे एकमत झाले असले, तरी नियम तोच: सभेत तो विषय झालेला नाही.

आठवा विषय दुसऱ्या कारणाने नाजूक आहे. समितीला गेलेल्या विषयपत्रिकेसोबत थकबाकीदार फ्लॅटांचे क्रमांक आणि रकमा होत्या. गोषवारा चोवीसही घरांत जाणार आहे. विषय झाला असता तर कदाचित एखाद्याने सांगितले असते, की अमक्याने परवाच चेक दिला आहे, तमक्याचा हिशेबच चुकला आहे. ते काहीच झाले नाही. अशा वेळी ‘विषय 8: फ्लॅट क्रमांक अमुक-तमुक यांना नोटीस, चर्चा झाली नाही’ असे पसरवणे म्हणजे सभेने न दिलेली नोटीस गोषवाऱ्याने देणे. ‘विषय 8: थकबाकीबाबत’ एवढे पुरे. कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार, शेजाऱ्यांतला वाद, कोर्टातली बाब यांनाही हेच लागू. समितीची विषयपत्रिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना क्रमांकावरून समजते. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना नाव समजायची गरज नाही.

तेव्हा सगळे मिळून हा परिच्छेद असा होतो:

चर्चेला न आलेले विषय
विषय 7: आवारातल्या माडांवरचे नारळ आणि सुकी झावळे पावसापूर्वी उतरवणे. पुढील सभा 22 जून.
विषय 8: थकबाकीबाबत.

एवढेच. निर्णय आणि नेमलेली कामे यांच्यानंतर, पुढील सभेच्या तारखेच्या आधी. मथळ्यात ‘प्रलंबित’ लिहू नये, कारण त्या शब्दाखाली अर्धवट पत्रे, ढकललेले भाड्याचे नियम आणि राहिलेले माड असे तिन्ही एकत्र येऊन बसतात, आणि आपण इतका वेळ केलेली निवड वाया जाते. हा भाग पानाच्या माथ्यावर तर मुळीच नको. काही ठिकाणी उत्साहाने तो पहिल्यांदा देतात. वाचणाऱ्याला मग सभा वाया गेली असे वाटते आणि लिफ्टचा करार मंजूर झाला हे खाली राहून जाते.

हा परिच्छेद निर्णयांपेक्षा लांब होऊ लागला तर दोष विषयपत्रिकेत आहे. नव्वद मिनिटांत चार मोठे विषय होतात, पाच म्हणजे पुष्कळ झाले. बाकीचे छापायचेच नाहीत. एखादा विषय सलग तिसऱ्या सभेत राहिला असेल, तर मात्र ‘मार्च व एप्रिलच्या सभेतही चर्चेला आला नव्हता’ एवढी कोरडी भर घालावी. अवघड विषय दरवेळी शेवटून दुसरा छापायचा आणि ऐनवेळच्या विषयांना वाट करून द्यायची, ही युक्ती सगळ्याच समित्यांत जुनी आहे. टीका न करता ती उघडी पाडायला या सात शब्दांहून चांगले साधन मला माहीत नाही. अध्यक्षांना ते आवडत नाही, हे खरे.

एका प्रसंगात मात्र ‘झाला नाही’ हे शब्दच लिहू नयेत. लिहिणारा साडेअकराला उठून गेला, रेकॉर्डिंग उशिरा सुरू झाले, किंवा टिपणांची दोन पाने हरवली. तेव्हा आपल्याला एवढेच ठाऊक असते, की विषय आपल्या नोंदीत नाही. तो झालेला असू शकतो. ‘विषय 7 व 8: साडेअकरानंतरची टिपणे उपलब्ध नाहीत’ असे लिहून, शेवटपर्यंत बसलेल्या कोणा एकाला विचारावे आणि मगच कागद पाठवावा. एकाच्या आठवणीवर निर्णय लिहू नये, पण विषय निघाला होता की नाही हे सांगायला एक माणूस पुरतो.

गणपूर्तीचा मुद्दा यात वेगळा येतो. सात जणांच्या समितीत उपविधींनी चार जण आवश्यक ठरवले असतील आणि सहाव्या विषयानंतर तीनच उरले, तर सातवा आणि आठवा नुसते राहिलेले नाहीत. ते घेताच आले नसते. इथे कारण लिहिलेच पाहिजे, वेळेसह: ‘11.50 वाजता गणपूर्ती राहिली नाही, त्यामुळे विषय 7 व 8 घेतले नाहीत.’ हे सुटले आणि नंतर कोणी त्या विषयांवर ठराव झाल्याचा दावा केला, तर वाद मिटवायला कागदावर काही नसते.

सर्वसाधारण सभेत तर ही यादी सौजन्यापुरती राहत नाही. सभा तहकूब झाली आणि पुढच्या तारखेला पुन्हा भरली, तर ती त्याच सभेचा पुढचा भाग मानली जाते, आणि रीत अशी, की तिथे आधीच्या नोटिशीतले उरलेलेच विषय घ्यायचे, नवीन नाही. उरलेले कोणते, हे पहिल्या दिवसाच्या नोंदीवरून ठरते. ती नोंद नसेल तर तहकूब सभेला विषयपत्रिकाच नसते. मग एखादा सभासद उठून म्हणतो, की सहावा विषय त्या दिवशी झाला होता, दुसरा म्हणतो, झाला नव्हता, आणि पहिला अर्धा तास त्यातच जातो. देवस्थानांच्या महाजन सभांत आणि रविवारच्या ग्रामसभांत असले वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथे सभा दुपारपर्यंत चालतात आणि सगळ्यांना हवा असलेला विषय पुष्कळदा शेवटी येतो.

राहिला शेवटचा बारीक प्रश्न. सगळेच विषय झाले, तर हा मथळा ठेवून खाली ‘निरंक’ लिहायचे की मथळाच काढायचा? सरकारी कागदांची सवय असलेले लोक ‘निरंक’ लिहितात. सोसायटीच्या गोषवाऱ्याचा नमुना ठरलेला असेल आणि दर महिन्याला तेच मथळे जात असतील, तर ‘निरंक’ ठेवावे. कोणीतरी विषयपत्रिका जुळवून पाहिली एवढे त्यातून कळते. नमुना ठरलेला नसेल तर मथळा नको. आणि जूनच्या सभेत माड आणि थकबाकी झाली, की ते या भागातून गुपचूप गायब करायचे नाहीत. त्या महिन्याच्या निर्णयांत त्यांच्या नव्या क्रमांकापुढे ‘मे महिन्याचा विषय 7’, ‘मे महिन्याचा विषय 8’ असे लिहावे, म्हणजे मे महिन्याचा कागद हाती घेऊन बसलेल्याला त्यांचा शेवट सापडतो.